'येथे क्लिक करा' काढल्यावर तिथे काय लिहायचं?

प्रश्न: आमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळाचा मजकूर मी सांभाळतो. एका दृष्टिहीन नागरिकाने कळवलं, की स्क्रीन रीडरमध्ये लिंकांची यादी उघडली तर बावीस वेळा 'येथे क्लिक करा' एवढंच ऐकू येतं. आमचा वेब डेव्हलपर म्हणतो, दिसणारा मजकूर राहू दे, आतून aria-label, म्हणजे पानावर न दिसणारं पण स्क्रीन रीडरला वाचता येणारं नाव, लावतो. तेवढ्याने भागेल का? नसेल तर लिंकवर आणि बटणावर नेमकं काय लिहायचं?

उत्तर:

नाही भागणार. aria-label ची गरज दोन-तीन ठिकाणी पडते, ती पुढे सांगतो. पण बावीसपैकी वीस ठिकाणी दिसणारे शब्दच बदलावे लागतील. ते बदलले, की आतून काही लावायची वेळच येत नाही.

तक्रार करणाऱ्याला काय ऐकू येत असेल ते आधी स्वतः ऐका. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. तो सुरू करून तुमचं पान उघडा आणि `Insert+F7` दाबा. पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी समोर येते. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्येही लिंकांच्या यादीसाठी हीच कळ आहे. यादी न उघडता नुसतं `K` दाबत गेलात तर एनव्हीडीए एका लिंकवरून पुढच्या लिंकवर उडी मारतो आणि मधलं काही वाचत नाही. आयफोनवरचा व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवरचा टॉकबॅक यांतही लिंकांवरून लिंकांवर जायची सोय आहे. म्हणजे तुमचा वाचक परिच्छेद ऐकत लिंकपर्यंत पोचेलच असं नाही. बऱ्याचदा तो थेट लिंकवर उतरतो आणि तिथे जे शब्द असतील तेवढेच त्याच्या हाती लागतात.

डोळस माणूस घाईत पान चाळतो तेव्हा तोही हेच करतो. त्याची नजर निळ्या, अधोरेखित शब्दांवर अडकते, मधला मजकूर नुसता सरकत जातो. 'येथे क्लिक करा' दिसलं की कशासाठी ते कळायला त्याला वाक्याच्या सुरुवातीला परत जावं लागतं. aria-label या माणसाला दिसतच नाही, आणि संख्येने तोच तुमचा सगळ्यात मोठा वाचकवर्ग आहे.

aria-label ला माझे आणखी दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की काही लोक हात वापरू शकत नसल्यामुळे संगणकाला तोंडाने आज्ञा देतात. समोर जे दिसतं तेच ते म्हणणार. बटणावर दिसतंय 'पुढे जा' आणि आतलं नाव 'कर भरणा पान उघडा', तर त्यांच्या 'पुढे जा'ला दाद मिळत नाही. म्हणूनच डब्ल्यूसीएजी २.१ या वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत २.५.३ हा निकष आला: दिसणारे शब्द आतल्या नावात जसेच्या तसे असले पाहिजेत. दुसरा आक्षेप देखभालीचा. aria-label लावलं की ते लिंकमधल्या मजकुराला पूर्ण झाकून टाकतं. पुढच्या वर्षी तुम्ही पानावर २०२५-२६ चं २०२६-२७ कराल, कोडमधलं लेबल तसंच राहील, आणि फक्त स्क्रीन रीडरवाल्यांना जुनं वर्ष ऐकू येत राहील. ही चूक डोळ्यांना दिसत नसल्यामुळे कार्यालयात ती कोणाच्याच लक्षात येत नाही.

title हा गुणधर्मही कोणी सुचवेल. त्यावर वेळ घालवू नका. तो माऊस नेल्यावर उमटतो. फोनवर माऊस नसतो, आणि कीबोर्डवाल्याला तो सहसा दिसत नाही.

आता शब्दांकडे वळू. एक परिच्छेद घेतो, अशा संकेतस्थळांवर हमखास आढळतो तसा. चौकटी कंसातला भाग लिंक आहे असं समजा.

> मालमत्ता कर मुदतीत भरल्यास सवलत देण्यात येईल. अधिक माहितीसाठी [येथे क्लिक करा]. मालमत्तेच्या नावात बदल करावयाचा असल्यास अर्जाच्या नमुन्यासाठी [येथे क्लिक करा]. कर ऑनलाइन भरण्यासाठी [येथे क्लिक करा].

सोपा उपाय म्हणून लोक लिंक डावीकडे सरकवतात: '[अधिक माहितीसाठी] येथे क्लिक करा', '[अर्जाच्या नमुन्यासाठी] येथे क्लिक करा'. यादीत आता 'अधिक माहितीसाठी', 'अर्जाच्या नमुन्यासाठी', 'कर ऑनलाइन भरण्यासाठी' असं ऐकू येतं. आधीपेक्षा बरं, पण प्रत्येक लिंक 'साठी'वर लटकलेली. 'साठी' म्हटलं की कान पुढच्या शब्दाची वाट बघतो, आणि यादीत पुढचा शब्द नसतो.

मराठीत हा घोळ विभक्तीमुळे होतो. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात आणि चिकटताना शब्दाचं रूपही बदलतात: अर्ज, अर्जासाठी, अर्जाच्या. संपादकात शब्दावर दोनदा टिचकी मारली की 'अर्जासाठी' अख्खा निवडला जातो आणि तीच लिंक होते. काही जण हुशारी करून फक्त 'घरपट्टी' एवढ्यालाच लिंक लावतात आणि 'साठी' बाहेर ठेवतात. ते आणखी वाईट. फोनवर बोट सरकवत ऐकणाऱ्याला लिंक हा वेगळा थांबा मिळतो. त्यामुळे त्याला आधी 'घरपट्टी, लिंक' आणि पुढच्या थांब्यावर 'साठी अर्ज करता येईल' असं तुटलेलं ऐकू येतं.

तेव्हा लिंक सरकवू नका, वाक्य मोडून नव्याने लिहा. लिंकचे शब्द एकटे काढून वाचले तरी उभे राहिले पाहिजेत, आणि ते दोनच प्रकारे उभे राहतात. एक म्हणजे प्रथमेतलं नाम, जे पुढच्या पानाचं किंवा फाइलचं नावच असतं. दुसरं म्हणजे पूर्ण आज्ञार्थ, म्हणजे तिथे गेल्यावर वाचक जे करणार ते. वरचा परिच्छेद मग असा होतो:

> मालमत्ता कर मुदतीत भरल्यास सवलत मिळते. कोणाला किती, ते इथे दिलं आहे: [मालमत्ता करातील सवलती]
>
> [मालमत्तेच्या नावात बदल: अर्जाचा नमुना (पीडीएफ, २ पानं, १८० केबी)]
>
> [मालमत्ता कर ऑनलाइन भरा]

'येथे', 'क्लिक', 'अधिक' हे तिन्ही शब्द गेले आणि काही अडलं नाही. 'क्लिक' तसाही फोनवर आणि कीबोर्डवर निरर्थक आहे. लिंक स्वतंत्र ओळीवर आली की प्रत्ययांचा प्रश्नच मिटतो. म्हणून कृतीच्या लिंका मी शक्यतो वाक्यात गुंफत नाही. वाक्याच्या पोटात लिंक हवीच असेल, तर ती प्रथमेत येईल असं वाक्य रचा: 'सवलतींच्या तपशिलासाठी सवलत पान पाहावे' हे सोडून 'कोणाला किती सूट, हे [मालमत्ता करातील सवलती] या पानावर आहे'. 'या पानावर', 'हा अर्ज', 'ही यादी' असं सर्वनाम पुढे घातलं की लिंकमधलं नाम मोकळं राहतं. एवढी एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

लिंकच्या शब्दांशी पोचल्यावरचं शीर्षक जुळलं पाहिजे, हेही याच कामात येतं. लिंक म्हणते 'मालमत्ता करातील सवलती' आणि उघडलेल्या पानाच्या डोक्यावर असतं 'कर विभाग', तर डोळस माणूस चार ओळी खाली बघून अंदाज घेतो. स्क्रीन रीडरवाला मात्र चुकून दुसरीकडे आलो असं समजून मागे जातो. शब्दशः तेच हवं असं नाही, पण मुख्य नाम तेच हवं.

किती लांब लिहावं याचा ठरलेला नियम नाही. तीन ते आठ शब्दांत बहुतेक सगळं बसतं. उलट टोकाची चूक म्हणजे बातमीचं अख्खं कार्डच लिंक करणं: चित्र, शीर्षक, तारीख आणि चार ओळींचा सारांश, सगळं एका `<a>` मध्ये. तसं केलं की तो सगळा मजकूर मिळून एकाच लिंकचं नाव होतं आणि यादीत पन्नास शब्दांची ओळ ऐकावी लागते. याचा जुळा भाऊ म्हणजे चित्राला एक लिंक, शीर्षकाला दुसरी आणि खाली 'पुढे वाचा'ला तिसरी, तिन्ही एकाच पानावर नेणाऱ्या. लिंक फक्त शीर्षकाला ठेवा, 'पुढे वाचा' काढून टाका. चित्रावर बोट पडलं तरी पान उघडायला हवं असेल, तर शीर्षकाच्या लिंकचं क्षेत्र सीएसएसने कार्डभर पसरवता येतं, त्यासाठी वेगळी लिंक लागत नाही.

### निविदा आणि सूचनांची यादी

तुमच्याकडे सगळ्यात जास्त लिंका इथे असतील, आणि 'येथे क्लिक करा' नसतानाही ही यादी बहुधा निरुपयोगी असेल. नमुना:

> सन २०२५-२६ या आर्थिक वर्षाकरिता नगरपरिषद हद्दीतील विविध प्रभागांमधील पथदिव्यांची देखभाल व दुरुस्ती करणेकामी ई-निविदा सूचना प्रसिद्ध करणेबाबत

पुढच्या वीस ओळीही 'सन २०२५-२६ या आर्थिक वर्षाकरिता नगरपरिषद हद्दीतील'नेच सुरू होतात. इंग्रजीत विशेषण-वाक्यांश नामानंतर लटकवता येतात. मराठीत ते सगळे नामाच्या आधी येतात, त्यामुळे कामाचा शब्द, इथे 'पथदिवे', नऊ शब्द मागे पडतो. ऐकणारा एक ओळ ऐकून पुढची, असं करत जातो. पहिल्या दोन शब्दांत वेगळेपण कळलं तर तो तिथेच थांबवून पुढे जाऊ शकतो. न कळलं, तर वीसच्या वीस ओळी शेवटपर्यंत ऐकणं नशिबी येतं. नजरेने चाळणाऱ्याला तर डाव्या कडेला एकसारख्या शब्दांची भिंत दिसते.

म्हणून वेगळेपणाचा शब्द पुढे ओढा आणि बाकीचं विरामचिन्हानंतर टाका:

> [पथदिवे दुरुस्ती: ई-निविदा, २०२५-२६ (पीडीएफ, १.२ एमबी)]

कार्यालयातून हरकत येईल, की सूचनेचं अधिकृत शीर्षक बदलता येत नाही. बदलू नका. ते लिंकखाली साध्या मजकुरात जसंच्या तसं ठेवा. लिंक ही पाटी आहे, शीर्षक कागदाचं आहे. 'बाबत' आणि 'करणेकामी' मात्र पाटीवरून उतरवा.

कंसातला 'पीडीएफ, १.२ एमबी' हा भाग लिंकच्या आत हवा. बाहेर ठेवला तर यादीत ऐकू येत नाही आणि पान बदलण्याऐवजी फाइल उतरायला लागली की माणूस गोंधळतो. आणखी एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे लिहायला हवी. तुमची पीडीएफ कागद स्कॅन करून केलेली असेल, तर स्क्रीन रीडरसाठी ते कोरं चित्र आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टात टंकलेली असेल, तर त्याला रोमन अक्षरांचा कचरा ऐकू येतो, कारण त्या फॉन्टांत मराठी अक्षरांच्या जागी प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. खरा इलाज युनिकोडमधली फाइल देणं हाच आहे. तोवर निदान '(स्कॅन केलेली पीडीएफ, ३ एमबी)' असं लिहा, म्हणजे तीन एमबी उतरवून हाती काही न लागण्यापेक्षा तो माणूस कार्यालयात फोन तरी करेल.

नव्या टॅबमध्ये उघडणाऱ्या लिंकचंही असंच. शक्यतो नवा टॅब उघडूच नका, कारण त्यात 'मागे' जाता येत नाही. दुसऱ्या संस्थेच्या संकेतस्थळासाठी तसं करावंच लागलं, तर 'नव्या टॅबमध्ये' हे शब्द लिंकच्या आत लिहा. पुढचं पान इंग्रजीत असेल तर 'इंग्रजीत' हेही.

### प्रत्येक ओळीत 'पाहा' असलेला तक्ता

सभांच्या इतिवृत्तांचा तक्ता घ्या: सभा, तारीख आणि शेवटच्या रकान्यात 'पाहा'. डब्ल्यूसीएजीचा २.४.४ हा पायरी 'ए'चा, म्हणजे सगळ्यात मूलभूत पायरीचा, निकष म्हणतो, की लिंक कुठे नेते ते तिच्या शब्दांवरून किंवा तिच्याशी कोडमध्येच जोडलेल्या संदर्भावरून कळलं तरी चालेल. संदर्भ म्हणजे तेच वाक्य, तोच परिच्छेद, तोच यादीतला घटक किंवा त्या कप्प्याला जोडलेले तक्त्याचे मथळे. म्हणजे मथळे नीट जोडले असतील तर 'पाहा'ही कागदोपत्री उत्तीर्ण. फक्त लिंकच्या शब्दांवरूनच कळलं पाहिजे, हा २.४.९ निकष सर्वांत वरच्या 'एएए' पायरीवर आहे आणि शासकीय संकेतस्थळांसाठीच्या २०२३ च्या जीआयजीडब्ल्यू ३.० मार्गदर्शिकेची अपेक्षा 'एए'पर्यंतच आहे. पण तुमच्या नागरिकाने यादी उघडली होती, आणि यादीत तक्ता नसतो. निकषात बसतं म्हणून ते त्याच्या कामाचं झालं, असं नाही.

सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे शेवटचा रकाना काढून टाकणं आणि सभेच्या नावालाच लिंक करणं. तक्त्याची मांडणी वरून ठरून आली असेल आणि 'पाहा' ठेवावंच लागत असेल, तर आतून नाव जोडण्याची ही रास्त जागा. aria-label ऐवजी aria-labelledby वापरा. ते पानावरचेच शब्द उचलतं, त्यामुळे ते शिळे होत नाहीत:

```html
<th scope="row" id="s3">सर्वसाधारण सभा, मार्च २०२५</th>
<td><a id="p3" href="/sabha/2025-03.pdf"
       aria-labelledby="s3 p3">पाहा</a></td>
```

आता नाव होतं 'सर्वसाधारण सभा, मार्च २०२५ पाहा'. क्रम मुद्दाम `s3 p3` असा आहे. दिसणारा शब्द नावाच्या सुरुवातीला असावा अशी शिफारस आहे, पण निकषाला तो नावात असणं पुरतं, आणि मराठीत कर्म आधी, क्रियापद शेवटी. शिवाय सभेचं नाव आधी आलं की यादीत लगेच वेगळेपण कळतं. प्रत्येक ओळीचा `id` वेगळा हवा. ओळ नक्कल करून चिकटवताना `s3` तसाच राहिला, की दोन लिंका एकच नाव सांगतात आणि त्यातली एक खोटं बोलत असते.

चित्राच्या लिंकबद्दल थोडक्यात. त्याच लिंकमध्ये चित्राच्या शेजारी शब्द असतील तर चित्राचं `alt`, म्हणजे चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर, रिकामं ठेवा, म्हणजे 'पीडीएफ पावती पीडीएफ' असं दोनदा ऐकू येणार नाही. लिंकमध्ये चित्राशिवाय काहीच नसेल, तर `alt` मध्ये चित्राचं वर्णन न लिहिता ठिकाण लिहा: 'निळ्या चौकोनातलं एफ' नको, 'नगरपरिषदेचं फेसबुक पान' हवं. चित्र एकटं आणि `alt` ही रिकामं असेल, तर स्क्रीन रीडर नाइलाजाने दुव्याचा पत्ता वाचत सुटतो.

### बटणं

लिंक कुठेतरी नेते, बटण काहीतरी करतं. हा भेद दिसण्यापुरता नाही. स्क्रीन रीडर प्रत्येक नावामागे 'लिंक' किंवा 'बटण' असं सांगतो, आणि कीबोर्डवाला त्यावरून कळ ठरवतो. बटण एंटर आणि स्पेस दोन्हींनी चालतं, लिंक एंटरने. बटणासारख्या रंगवलेल्या लिंकवर स्पेस दाबली तर पान नुसतं खाली सरकतं. म्हणून अर्ज सादर करायला `<button>`, दुसऱ्या पानावर जायला `<a href>`. आणि 'बटण' किंवा 'लिंक' हा शब्द नावात लिहू नका, नाहीतर 'शोधा बटण बटण' असं ऐकू येतं.

बटणावर कर्म आणि आज्ञार्थ एवढंच पुरतं: 'अर्ज सादर करा', 'पावती डाउनलोड करा', 'आधार कार्ड जोडा'. नुसतं 'सादर करा' नको, एका पानावर दोन अर्ज असले की दोन्हीकडे तेच होतं. मराठीचा इथे फायदा आहे. कर्म आपसूक पहिलं येतं, त्यामुळे पाच बटणं असली तरी पहिला शब्द बहुधा प्रत्येकाचा वेगळा असतो. मात्र एक काम, एक क्रियापद. एका पानावर 'सादर करा', दुसऱ्यावर 'सबमिट', तिसऱ्यावर 'दाखल करा' असं ठेवलं, की वाचकाला ती तीन वेगळी कामं वाटतात. तेच काम सगळीकडे एकाच नावाने यावं, हा ३.२.४ निकषच आहे. टप्प्याटप्प्याच्या अर्जात 'पुढे' ऐवजी 'पुढे: कागदपत्रं जोडा' लिहा. पैसे भरण्याच्या शेवटच्या बटणावर रक्कमच येऊ द्या, '₹ ४,३२० भरा'.

मराठी संकेतस्थळांवर सगळ्यात घातक बटण सापडतं ते खात्री करून घेणाऱ्या छोट्या चौकटीत:

> तुमचा अर्ज रद्द करायचा आहे का?
> [ठीक आहे] [रद्द करा]

इंग्रजीतल्या ठरावीक दोन बटणांचं हे यांत्रिक भाषांतर. माणसाला अर्ज रद्द करायचा आहे, तो साहजिकच 'रद्द करा' दाबतो, चौकट बंद होते आणि अर्ज तसाच राहतो. उलट ज्याला चौकटच नकोशी वाटते तो 'ठीक आहे' म्हणून सुटू बघतो आणि अर्ज गमावतो. यावर एकच इलाज, दोन्ही बटणांवर परिणाम लिहा:

> [अर्ज रद्द करा] [अर्ज तसाच ठेवा]

ब्राउझरचा `confirm()` वापरला असेल तर त्यातल्या बटणांचे शब्द बदलता येत नाहीत, ते ब्राउझरच्या भाषेत येतात. तिथे स्वतःची `<dialog>` चौकट करावी लागेल. 'हो' आणि 'नाही' ही जोडी दिसायला साधी असली तरी टाळा, कारण स्क्रीन रीडर बटणावर आला की प्रश्न मागे पडलेला असतो.

नुसत्या चिन्हाच्या बटणाला, म्हणजे भिंगाला किंवा तीन आडव्या रेघांना, aria-label लावा. ही त्याची हक्काची जागा. 'शोधा', 'मेनू'. मेनू उघडा आहे की मिटलेला ते `aria-expanded` सांगतं. त्यासोबत नावही 'मेनू उघडा'चं 'मेनू बंद करा' असं बदलत ठेवलं, तर 'मेनू बंद करा, उघडलेला' असं विचित्र ऐकू येतं. नाव स्थिर, अवस्था बदलती.

### तपासणी

सगळ्यांत आधी पानाच्या पहिल्या ओळींत `<html lang="mr">` आहे ना ते बघा. तयार साच्यांत तिथे बहुधा `en` किंवा `hi` असतं. मग आवाज इंग्रजी किंवा हिंदी निवडला जाण्याची शक्यता असते, आणि 'जागा'तला 'ज' हिंदी वळणाने येतो, नाहीतर देवनागरी गाळलीच जाते. अशा आवाजात नीट लिहिलेली लिंकही समजत नाही. वर भाषा बदलायची लिंक असेल तर तिच्यावर `English` असंच लिहून तिला `lang="en"` द्या. 'इंग्रजी' लिहिलंत तर ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला ती सापडणार कशी?

मग ब्राउझरमध्ये `F12` दाबून कन्सोलमध्ये हे चालवा:

```js
console.table([...document.querySelectorAll('a[href]')]
  .map(a => [a.textContent.trim(), a.href]))
```

एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला पत्ता असा तक्ता मिळतो. त्यात तीन गोष्टी शोधा: शब्द तेच पण पत्ते वेगळे, पत्ता तोच पण शब्द वेगळे, आणि शब्दांचा रकाना रिकामा. पहिली खरी चूक, दुसरी निष्काळजीपणा, तिसरी बहुधा नुसत्या चित्राची लिंक, तिच्यात `alt` आहे का ते वेगळं बघा. `alt` आणि aria-label या तक्त्यात दिसत नाहीत. शंका आली तर क्रोममध्ये Elements मधल्या Accessibility कप्प्यात Name समोर खरं नाव वाचा. आपोआप तपासणाऱ्या साधनांवर इथे भिस्त ठेवू नका. लिंक रिकामी आहे हे त्यांना कळतं, 'अर्जासाठी' अर्धवट आहे हे कळत नाही.

पुढची पायरी माणसाची. तक्त्यातला फक्त पहिला रकाना कागदावर छापा आणि कर विभागाबाहेरच्या कोणा सहकाऱ्याला द्या. प्रत्येक ओळीवर तो बोट ठेवून सांगेल, की इथे गेल्यावर काय मिळेल. जिथे तो 'कशाचं?' असं विचारेल, ती ओळ पुन्हा लिहायची.

कामाला हात घालताना बावीस लिंका वरून खाली बदलत बसू नका. 'अधिक वाचा' आणि 'पाहा' बहुतेक साच्यातून येतात. डेव्हलपरला आधी ते साचे बदलायला सांगा, त्याने एका फटक्यात बऱ्याच जातील. उरलेल्या तुम्ही हाताने लिहिलेल्या असतील, त्या मुखपृष्ठापासून सुरू करा. बदल झाल्यावर छापील माहितीपत्रकं, सूचनाफलक आणि खिडकीवरचे कर्मचारी बघा. तिथे अजूनही "'येथे क्लिक करा'वर क्लिक करा" असं लिहिलेलं किंवा सांगितलं जात असेल, तर नागरिक आता नसलेला शब्द पानावर शोधत बसेल.